पाटलीत उतरलेली खोली

चकचकीत पॉलिश केलेल्या सोन्याचा फोटो निघतच नाही, असे म्हटले तर सराफाला राग येईल, पण गोष्ट खरी आहे. फोटोत येते ती सोन्यात उतरलेली खोली. छत, दिवा, पांढरा कागद, फोटो काढणाऱ्याचा शर्ट, काळी लेन्स, हे सगळे पिवळे होऊन, वाकून, ताणून त्या दागिन्यावर बसलेले असते आणि त्यालाच आपण सोने म्हणतो.

पटत नसेल तर एक प्रयोग आहे. दिव्यापुढे पोलरायझिंग फिल्टरचा कागद लावायचा, म्हणजे त्यातून येणाऱ्या प्रकाशलहरी एकाच प्रतलात हलतात. कॅमेऱ्याच्या लेन्सवर दुसरा तसाच फिल्टर बसवायचा आणि तो हळूहळू काटकोनापर्यंत फिरवत न्यायचा. खाली ठेवलेला कागद दिसत राहतो, कारण कागदाच्या तंतूंत शिरून, आत भटकून बाहेर पडताना प्रकाश आपली दिशा विसरतो. सोने मात्र काळे पडत जाते. धातूत प्रकाश जवळजवळ शिरतच नाही. पृष्ठभागावरचे मोकळे इलेक्ट्रॉन त्याला तिथल्या तिथे परत फेकतात आणि तोही जसा आला तसा, त्याच प्रतलात. दुसऱ्या फिल्टरने तो अडवला की धातूकडे दाखवायला काहीही उरत नाही. नक्षीच्या खोबणीत, जिथे प्रकाश दोन-तीनदा आपटून बाहेर येतो, तिथे थोडी पिवळी धग राहते. बाकी अंधार.

आता गंमत अशी, की त्या अंधारात धूळ दिसते. धुळीचा कण कागदाच्या जातीचा. प्रकाश त्याच्या आत शिरतो, भटकतो, दिशा विसरतो. काळ्या पडलेल्या सोन्यावर प्रत्येक कण, प्रत्येक कुसळ पांढरे चमकते. दागिन्याच्या फोटोतली धूळ, बोटांचे ठसे आणि नको ती प्रतिबिंबे काढायची पण झळाळी ठेवायची, हे काम ज्याला करायचे आहे त्याने हा प्रयोग एकदा तरी पाहावा. झळाळी आणि नको ते प्रतिबिंब ही एकाच घटनेची दोन नावे आहेत, दोन्ही म्हणजे परत आलेला प्रकाश. धूळ ही वेगळी वस्तू, ठसा हा आणखी वेगळा. तिघांवर एकच ब्रश फिरवला की दागिना प्लॅस्टिकचा दिसू लागतो, त्याचे कारण इथे आहे.

नाशिकचा सराफ बाजार जुन्या गावठाणात आहे, गोदावरीच्या इतका जवळ की मोठा पूर आला की पाणी सराफ बाजारात आणि भांडी बाजारात चढते. अरुंद गल्ल्या, वर जुनी घरे, खाली पेढ्या. नाशिकची ओळख मुख्यतः चांदीची, पण सोन्याची उलाढालही मोठी. आता बहुतेक पेढ्यांना फोटो लागतात: पाडव्याच्या जाहिरातीला, चौकातल्या फलकाला आणि सर्वांत जास्त व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाला पाठवायला. या बाजारात धुळीचीही एक जुनी प्रतिष्ठा आहे. सोनारांच्या दुकानांतला आणि दारापुढचा केर विकत घेऊन, धुऊन, त्यातले सोन्याचे कण वेचणारे झारेकरी अशा प्रत्येक सराफ्यात असत. फोटोतली धूळ मात्र कोणी विकत घेत नाही, ती फुकट काढावी लागते.

समजा, अशाच एखाद्या पेढीवरची पाटली आपल्यापुढे आहे. २२ कॅरटची, सपाट पट्टीची, १२ मिलिमीटर रुंद, २.४ च्या मापाची. बांगडीच्या मापात २.४ म्हणजे सव्वादोन इंच, आतला व्यास सुमारे ५७ मिलिमीटर. बाहेरून ती साधारण ६४ मिलिमीटर भरते. मधला भाग आरशासारखा पॉलिश, दोन्ही कडांना बारीक डायमंड कटची ओळ. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात फोटोची रुंदी ६००० पिक्सेल असते. त्यातले ४८०० पाटलीने व्यापले आहेत. म्हणजे पाटलीच्या एका मिलिमीटरला ७५ पिक्सेल. हा आकडा लक्षात ठेवू, कारण पुढचे सगळे यावर चालते. माणसाचा केस यात पाच-सहा पिक्सेल जाडीचा दिसतो. पेढीवर नुसत्या डोळ्यांना स्वच्छ वाटलेली पाटली पडद्यावर शंभर टक्के मापाने उघडली की तिच्यावर सुताचे तंतू, पॉलिशच्या लाल पावडरीचे अवशेष, अंगठ्याचा अर्धा ठसा आणि फोटो काढणाऱ्याची चौकडी बाही असा सगळा संसार मांडलेला असतो.

आधी धूळ. धूळ आणि झळाळी यांतला पहिला फरक रंगाचा आहे, आणि तो मला या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो. रंगवलेल्या लाकडावर, प्लॅस्टिकवर, कातडीवर दिवा चमकतो तेव्हा ती चमक दिव्याच्या रंगाची असते: लाल फुग्यावरची चमक पांढरी. सोन्यावरची चमक मात्र सोनेरीच असते, कारण सोने निळा-जांभळा प्रकाश गिळते आणि बाकीचा परत पाठवते. शुद्ध सोन्यात पूर्ण पांढऱ्या कागदाचे प्रतिबिंब पडले तर पडद्यावरच्या आकड्यांत ते साधारण लाल २५५, हिरवा २२६, निळा १५५ असे येते. २२ कॅरटमध्ये तांबे-चांदी असल्याने थोडे इकडेतिकडे होते, पण निळा नेहमी बराच मागे राहतो. धुळीच्या कणावर आयड्रॉपर ठेवला तर तिन्ही आकडे जवळजवळ सारखे निघतात. चांदीचे तसे नाही. चांदी सगळे रंग जवळपास सारखेच परत पाठवते, २५२, २५०, २४५ च्या आसपास, त्यामुळे रंगावरून धूळ ओळखायची सोय तिथे उरत नाही. चांदीचे पैंजण साफ करणारा सोन्याच्या पाटल्या करणाऱ्यापेक्षा जास्त मेहनताना मागत असेल तर त्याच्याशी घासाघीस करू नये.

याचा उपयोग असा. फोटोची एक प्रत फोटोशॉपमध्ये `Lab Color` मध्ये न्यायची आणि `b` ही एकटी वाहिनी उघडायची. या वाहिनीत पिवळेपणा उजळ दिसतो आणि रंगहीन गोष्टी करड्या. सोन्याची पाटली सगळी उजळ, तिच्यावर धुळीचे करडे ठिपके उठून दिसतात. हा धुळीचा नकाशा झाला. फक्त एक फसगत होते. जिथे दिव्याची चमक इतकी तीव्र आहे की तिन्ही आकडे २५५ ला टेकून फुटले, तिथेही रंग उरलेला नसतो आणि तीही धुळीसारखी करडी दिसते. तिथे यंत्र थांबते, डोळ्यांनी पाहावे लागते.

डोळ्यांना मग धूळ आपणहून एक खूण देते. पॉलिश केलेल्या धातूवर बसलेला कण एकटा नसतो. खालच्या आरशात त्याचे प्रतिबिंब असते, त्याला चिकटून, उलट बाजूला. कुसळ जोडीने दिसते: एक खरे आणि एक बुडालेले. झळाळीच्या ठिपक्याला अशी जोड नसते, कारण तो स्वतःच प्रतिबिंब असतो. नवशिका माणूस वरचे कुसळ पुसतो आणि खालचे तसेच ठेवतो, मग पाटलीवर कशाचीच नसलेली एक सावली राहते. फलकावर छापल्यावर ती पोचा पडल्यासारखी दिसते.

आणखी एका प्रकारची धूळ दागिन्यावर नसतेच, ती कॅमेऱ्याच्या सेन्सरवर असते. तिचा ठिपका मऊ, गोल, कडा विरलेला असतो आणि पाटली फिरवली तरी जागचा हलत नाही. जवळून काढलेल्या फोटोत पुढची कड स्पष्ट आली की मागची धूसर होते, म्हणून फोकस थोडाथोडा सरकवत दहा-वीस फोटो काढून ते एकत्र जोडतात. फोकस सरकला की चित्राचे मापही किंचित बदलते, जोडताना सॉफ्टवेअर ते सारखे करून घेते, आणि सेन्सरवरचा एकच ठिपका मुंग्यांच्या रांगेसारखा ओळीने उमटतो. पाटलीवर मुंग्या दिसल्या तर पाटली न पुसता सेन्सर पुसावा.

काढायचे कसे, याला फार शब्द लागत नाहीत. गडद भागावर उजळ धूळ असेल तर `Clone Stamp` चा `Mode` बदलून `Darken` करायचा. मग ब्रश फक्त स्रोतापेक्षा उजळ असलेले पिक्सेल बदलतो, आजूबाजूच्या गडद रेषांना हात लावत नाही. उजळ पट्ट्यावर काळे कुसळ असेल तर `Lighten`. शेजारी तीव्र कड असेल तिथे `Healing Brush` वापरू नये. तो आजूबाजूचा उजेड मिसळून भरतो, त्यामुळे कडेजवळ काळपट डाग पसरतो, आणि डायमंड कटची ओळ म्हणजे शेजारी शेजारी कडाच कडा.

बोटाचा ठसा हे प्रकरण वेगळे, कारण त्याला स्वतःचा रंगही नाही आणि जाडीही नाही. घाम आणि त्वचेवरचे तेल यांचा तो अत्यंत पातळ थर. त्याने एवढेच होते, की आरशावरून एकाच दिशेने परत जाणारा प्रकाश थोडासा विखुरतो. त्याचा परिणाम मात्र चकवणारा आहे. पाटलीत जिथे पांढऱ्या कागदाचे प्रतिबिंब आहे तिथे ठसा काळपट दिसतो, कारण आपल्याकडे येणारा प्रकाश त्याने इकडेतिकडे उधळला. त्याच ठशाचा उरलेला अर्धा भाग जिथे काळ्या कागदाच्या प्रतिबिंबावर येतो तिथे उजळ दिसतो, कारण दुसरीकडे जाणारा प्रकाश त्याने आपल्याकडे वळवला. एकच अंगठा, अर्धा काळा, अर्धा पांढरा, मध्ये सीमेवर नाहीसा. म्हणून ठसा काढायला नुसते उजळ करणे किंवा नुसते गडद करणे चालत नाही.

त्याची एक नस मात्र सापडते: मापाची. बोटावरच्या रेषा एकमेकींपासून साधारण अर्ध्या मिलिमीटरवर असतात. आपल्या फोटोत अर्धा मिलिमीटर म्हणजे ३७ पिक्सेल. पाटलीवरच्या कागदाच्या प्रतिबिंबाचा उतार शेकडो पिक्सेलांत पसरलेला असतो, तर डायमंड कटच्या ठिणग्या दोन-तीन पिक्सेलांच्या. म्हणजे ठसा आपल्या विशिष्ट मापामुळे या दोघांपासून वेगळा आहे, आणि मापावरून चित्राचे थर पाडता येतात. फोटोच्या दोन प्रती करायच्या. खालची धूसर करायची, तिच्यात फक्त उजेडाचे संथ चढउतार राहतात. वरच्या प्रतीतून ती धूसर प्रत वजा करायची, म्हणजे तिथे फक्त बारकावे राहतात. दोन्ही एकावर एक ठेवले की मूळ फोटो जसाच्या तसा दिसतो. १६ बिटच्या फोटोला फोटोशॉपमध्ये नेमके असे:

```
खालचा लेयर:  Filter > Blur > Gaussian Blur, Radius 20
वरचा लेयर:   Image > Apply Image
             Layer: खालचा लेयर, Invert: चालू
             Blending: Add, Scale: 2, Offset: 0
वरच्या लेयरचा Blend Mode: Linear Light
```

इथे २० हा आकडा देवाने दिलेला नाही, तो ३७ वरून आला. धूसर करण्याची त्रिज्या ५ ठेवली तर ३७ पिक्सेल अंतरावरच्या रेषांचा जवळजवळ ७० टक्के जोर खालच्या थरातच राहतो आणि वरचा थर कितीही घासला तरी ठसा जात नाही. १० ठेवली तर चौथा हिस्सा राहतो. २० ला रेषा पूर्णपणे वर येतात. फोटो दुसऱ्या मापाने काढला असेल तर हा आकडाही बदलतो. चेहऱ्याच्या रिटचिंगसाठी सांगितलेले तयार आकडे दागिन्यावर फसतात ते यामुळेच.

रेषा वरच्या थरात आल्या की त्या जागेवर त्याच थरातला स्वच्छ भाग क्लोन करायचा. सपाट करडा रंग भरला तरी रेषा जातात, पण फोटोतला नैसर्गिक बारीक रवा त्यांच्याबरोबर जातो आणि तिथे धातूऐवजी लॅमिनेशन दिसू लागते. स्रोत कुठून घ्यायचा, हेही ठरलेले आहे. सपाट पट्टीची पाटली गोलाईच्या दिशेने वळते आणि रुंदीच्या दिशेने सरळ असते. म्हणून तिच्यातली प्रतिबिंबे रुंदीच्या दिशेने ताणलेल्या पट्ट्यांसारखी दिसतात. स्रोत त्याच पट्ट्यातून घ्यायचा: ठसा अर्ध्या रुंदीवर असेल तर उरलेल्या अर्ध्यातून. गोल सळईचे कडे असेल तर उलटे. तिथे तीव्र वळण सळईच्या जाडीचे असते, म्हणून चमक कड्याच्या लांबीने धावते आणि स्रोतही लांबीने घ्यावा लागतो. हे चुकले की दुरुस्तीच्या जागी पट्टा तुटलेला दिसतो, जणू धातूला ठेच लागली आहे. रेषा गेल्यावर खालच्या थरात तेलामुळे आलेला पुसटपणा उरतो. मऊ कडेची निवड करून त्या पट्ट्यापुरता मोठ्या त्रिज्येचा `Gaussian Blur` दिला की तोही जातो.

एवढ्या सगळ्याला अर्धा तास सहज लागतो. मऊ शॅमॉय कातड्याच्या फडक्याने पाटलीवर एकदा हात फिरवायला दहा सेकंद. सोनार रिठ्याच्या पाण्याने दागिने धुतात, तेही पाटलीला उत्तम चालते. मोत्याच्या नथीला मात्र नुसते कोरडे मऊ फडके पुरे, कारण मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, तो आम्लाने खराब होतो. सुती हातमोजे ठसे थांबवतात आणि तंतू सोडतात, म्हणून गुळगुळीत नायट्राइलचे मोजे बरे. पण फोटो तपासायला बसेपर्यंत पाटली बऱ्याचदा विकली गेलेली असते, म्हणूनच तो अर्धा तास.

आता उरली प्रतिबिंबे, आणि इथे काढणाऱ्याचा हात आवरायला लागतो. चौकडी बाही नको, हे कोणीही सांगेल. छताचा पंखा नको, ट्यूबची हिरवट पट्टी नको. पण लेन्सचे काय? जो पृष्ठभाग कॅमेऱ्याकडे तोंड करून आहे त्यात कॅमेरा दिसणारच. दागिन्याभोवती पांढऱ्या कापडाचा तंबू केला तरी लेन्ससाठी त्याला भोक पाडावे लागते. ठुशी समोर ठेवली तर तिच्या प्रत्येक मण्यात एक जागा अशी असते की जी थेट लेन्सकडे पाहते, आणि तिथे ते भोक दिसते. हिशेब करता येतो. मणी ३ मिलिमीटरचा धरला तर त्याची त्रिज्या दीड आणि बहिर्वक्र आरशाचे नाभीय अंतर त्याच्या निम्मे, पाऊण मिलिमीटर. भोक ८० मिलिमीटरचे आणि ४०० मिलिमीटरवर असेल तर मण्यातली त्याची प्रतिमा ०.१५ मिलिमीटर. आपल्या मापाने ११ पिक्सेल. ठुशीत जितके मणी तितके ११ पिक्सेलांचे काळे डोळे, सगळे आपल्याकडे रोखलेले. स्टीलचा चमचा पालथा धरून पाहिला तर त्यात स्वतःचे बारीक डोके दिसते, तोच हा प्रकार.

ते सगळे डोळे पुसावेत असे वाटते. पुसले की मणी चेंडूसारखे फुगीर राहत नाहीत, सपाट टिकल्या होतात. धातू चमकतो म्हणजे तो फक्त उजळ असतो असे नव्हे. त्यात गडद आणि उजळ शेजारी शेजारी आणि तीव्र कडेने भेटतात. पेलासिनी, फेरवर्डा आणि ग्रीनबर्ग यांनी २००० साली माणसांना संगणकावर काढलेले चकचकीत गोळे दाखवून तपासले होते, की चकाकी आपण कशावरून ठरवतो. उत्तरात दोन गोष्टी निघाल्या: प्रतिबिंब आणि त्याच्या भोवतालचा उजेड यांच्यातला फरक किती, आणि प्रतिबिंबाच्या कडा किती स्पष्ट. काळे डोळे पुसणारा पहिली गोष्ट कमी करतो, ब्लर मारणारा दुसरी. म्हणून जाणकार छायाचित्रकार तंबूच्या आत मुद्दाम काळ्या कागदाच्या पट्ट्या लावतात. पांढऱ्या तंबूत काढलेली पाटली पिवळ्या प्लॅस्टिकच्या नळीसारखी दिसते, काळी पट्टी सरकवली की त्याच क्षणी तिचे सोने होते. मला तरी हे दर वेळी जादूसारखे वाटते.

मग ठुशीतल्या डोळ्यांचे करायचे काय? त्यांची तीव्रता कमी करायची, त्यांना नाहीसे करायचे नाही. त्या ठिपक्यांवर मास्क करून `Curves` ने त्यांना काळ्याकडून गडद तपकिरी सोनेरी रंगाकडे आणायचे, आणि त्यांतल्या लेन्सवरच्या दिव्याच्या बारीक पांढऱ्या टिंबांना तेवढे पुसायचे. पाटलीवरची चौकडी बाही हटवताना मात्र पट्ट्याच्या कडा ठेवून आतला मजकूर काढायचा: पेन टूलने पट्ट्याची कड आखायची, निवड एक-दोन पिक्सेल मऊ करायची आणि आत एकसंध उतार भरायचा, वर पुन्हा तो रवा चढवायचा. प्रतिबिंब राहते, फक्त आता ते बाहीऐवजी कागदाचे दिसते.

एखादी चमक कमी वाटली म्हणून दुसरीकडून उचलून आणणे हा मोह सगळ्यांना होतो. त्याचे काय होते, हे अँडरसन आणि किम यांनी २००९ मध्ये दाखवले. चकचकीत खडबडीत पृष्ठभागाच्या चित्रात त्यांनी चमकेचे ठिपके तसेच ठेवून फक्त त्यांच्या जागा आणि दिशा बदलल्या. एकूण उजेड तोच, ठिपके तेच, पण चकाकी गेली आणि पृष्ठभागावर पांढरा रंग शिंपडल्यासारखे दिसू लागले. चमकेला पृष्ठभागाच्या वळणाशी जुळावे लागते. डोळा हे गणित इतक्या लवकर करतो की आपल्याला कळतही नाही. फक्त दागिना खोटा वाटतो. म्हणून चमक वाढवायची तर जिथे ती आधीच आहे तिथेच, तिच्याच आकारात, आणि पांढऱ्या ब्रशने कधीच नाही. ब्रशचा रंग पाटलीच्याच न फुटलेल्या सर्वांत उजळ जागेवरून उचलायचा, म्हणजे २५५, २२६, १५५ च्या जवळचा. पांढरा वापरला की सोन्यावर चांदीचा मुलामा चढतो. फुटलेल्या ठिणग्या, म्हणजे डायमंड कटवरचे दोन-तीन पिक्सेलांचे पूर्ण पांढरे ठिपके, तसेच ठेवावेत. खऱ्या दिव्याचे प्रतिबिंब इतके तीव्र असते की तिथे डोळ्यालाही पिवळा दिसत नाही.

साफसफाईत एक खरा धोका आहे. पाटलीच्या आतल्या बाजूला हॉलमार्क असतो: बीआयएसचे चिन्ह, २२ कॅरटचा ९१६ हा आकडा आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून हे सहा वर्णांचे चिन्ह नसलेला हॉलमार्कचा दागिना सराफाला विकता येत नाही. लेझरने कोरलेली ही अक्षरे अगदी लहान असतात, आणि फोटोत तिरकी, धूसर, करड्या ठिपक्यांची एक ओळ म्हणून येतात. धूळ काढणारा हात तिच्यावरून सहज फिरतो. काही ठिकाणी मोठ्या फोटोत तिथला नंबर मुद्दाम धूसर करतात, तो भाग वेगळा. पण नकळत पुसला गेला तर गिऱ्हाईक फोटोवर बोट ठेवून विचारते, आणि मग सराफाला उत्तर देत बसावे लागते. तसेच झाळणीचा जोड. तो धातूचा आहे, खोलीचा नाही. दागिन्याच्या अंगचे जे आहे ते फोटोत राहू द्यावे. रंग ९१६ वरून २४ कॅरटकडे ढकलणे आणि पोकळ जागा भरीव दाखवणे ही फोटोची साफसफाई नसून गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

आता शेवटचा टप्पा, आणि बहुतेक झळाळी इथेच मरते. ४८०० पिक्सेलांची पाटली व्हॉट्सॲपसाठी ९६० पिक्सेलांची करायची, म्हणजे पाचपट लहान. प्रत्येक नव्या पिक्सेलमध्ये जुने पाच गुणिले पाच, पंचवीस पिक्सेल मिसळतात. धुळीचा आठ पिक्सेलांचा कण त्यातही टिकून राहतो, पण डायमंड कटची ठिणगी दोन गुणिले दोन पिक्सेलांची. पंचवीसमधले चार, म्हणजे १६ टक्के. काळ्यावर पूर्ण पांढरी ठिणगी असेल तर तिचा १६ टक्के प्रकाश उरतो, आणि त्यात कोणाचीच चूक नाही. पण नेहमीचे आठ किंवा सोळा बिटचे सॉफ्टवेअर प्रकाशाची सरासरी न काढता फाइलमधल्या आकड्यांची काढते. २५५ चे १६ टक्के ४१, म्हणजे जवळजवळ काळा. खऱ्या प्रकाशाची सरासरी काढून मग तिचा आकडा बनवला तर तो १११ येतो. तीच ठिणगी, एका रस्त्याने विझलेली, दुसऱ्या रस्त्याने जिवंत.

फोटोशॉपमध्ये दुसरा रस्ता असा: सगळे लेयर एकत्र करून `Image > Mode > 32 Bits/Channel` करायचे, मग `Image Size` ने लहान करायचे, आणि परत `16 Bits/Channel` करताना उघडणाऱ्या चौकटीत `Exposure and Gamma` निवडून दोन्ही आकडे मूळ ठेवायचे. त्यानंतर अर्ध्या पिक्सेलच्या आसपास त्रिज्येचे हलके शार्पनिंग, फक्त डायमंड कटच्या ओळीवर मास्क लावून. पॉलिशच्या सपाट पट्टीवर दिले तर काढलेल्या ठशाची उरलीसुरली रेघ पुन्हा वर येते. हे सगळे लहान केल्यानंतरच करायचे. मोठ्या फाइलवर आधी शार्प करून मग लहान केले तर ती मेहनत त्या पंचविसात मिसळून जाते. फलकासाठीची मोठी फाइल वेगळी ठेवावी, आणि फोनसाठीची दर वेळी तिच्यापासून नव्याने करावी. आधीच लहान केलेल्या फाइलमध्ये १११ चे ४१ एकदा झाले की परत येत नाहीत.